घुबडाचे मूक उड्डाण आणि वळती मान : पिसाच्या कडेपासून मणक्याच्या छिद्रापर्यंत

जयपूर : मकर संक्रांतीला जयपूरच्या परकोटातील गच्च्यांवरून दिवसभर पतंग उडतात आणि काचेची पूड लावलेल्या मांज्याने कापलेले पक्षी संध्याकाळपर्यंत उपचार शिबिरांत येऊ लागतात. त्यांत कबुतरांची संख्या सर्वाधिक असते. पण अंधार पडल्यानंतर येणाऱ्या पक्ष्यांत घुबडेही असतात. १४ जानेवारीला जयपूरमध्ये सूर्य सहा वाजण्याच्या थोडा आधी मावळतो. नेमक्या त्याच वेळी जुन्या हवेल्यांच्या कोनाड्यांतून गव्हाणी घुबड बाहेर पडते आणि झालानाच्या किंवा नाहरगडच्या उतारांवरून शृंगी घुबड शिकारीला निघते. पक्ष्यांच्या ये-जा करण्याच्या वेळा लक्षात घेऊन राजस्थानात सकाळी ६ ते ८ आणि सायंकाळी ५ ते ७ या काळात पतंग उडविण्यास मनाई केली जाते. नायलॉनच्या व इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. तरीही झाडांत आणि तारांवर अडकलेला धागा सणानंतर कित्येक आठवडे तसाच लोंबत राहतो, आणि मावळत्या उजेडात तो कोणत्याही पक्ष्याला दिसत नाही.

मांज्याने कापलेल्या कबुतराची जखम भरली आणि त्याला उडता येऊ लागले, म्हणजे ते बरे झाले असे मानायला हरकत नाही. घुबडाच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. त्याला उडता आले पाहिजे, आणि आवाज न करता उडता आले पाहिजे. उडताना त्याच्या पंखांचा आवाज होऊ लागला तर ते दिसायला धडधाकट असूनही उपाशी राहू शकते. असे का होते, हे समजण्यासाठी त्याच्या पंखाच्या रचनेकडे बारकाईने पाहावे लागते.

हे बारकाईने पाहण्याचे काम १९३४ साली आर. आर. ग्रॅहम या इंग्रज अभ्यासकाने केले. विमानशास्त्राच्या एका इंग्रजी नियतकालिकात त्याने घुबडाच्या मूक उड्डाणावर लेख लिहिला आणि इतर पक्ष्यांत न आढळणारी तीन वैशिष्ट्ये नोंदवली. पहिले वैशिष्ट्य पंखाच्या पुढच्या कडेवर असते. सर्वांत बाहेरच्या उड्डाणपिसाची पुढची कड सलग नसते. तिच्यातील तंतूंची टोके एकमेकांपासून सुटी होऊन वर वळलेली असतात, त्यामुळे ती कड बारीक दातांच्या फणीसारखी दिसते. दुसरे वैशिष्ट्य मागच्या कडेवर असते. तेथे तंतूंची टोके एकमेकांत गुंतलेली नसतात. ती मोकळी लोंबत राहतात आणि पिसाला मऊ झालर असल्यासारखे दिसते. तिसरे वैशिष्ट्य म्हणजे पिसाच्या वरच्या पृष्ठभागावरची मखमल. पिसाचे तंतू एकमेकांना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म शाखांची टोके घुबडात लांब वाढून केसांसारखी उभी राहतात, आणि पिसावरून बोट फिरवले तर ते खरोखरच मखमलीसारखे लागते.

ग्रॅहमची ही त्रयी पुढे इतक्या वेळा सांगितली गेली की घुबडाचे मौन म्हणजे फणी, झालर आणि मखमल, असा समज रूढ झाला. तो अपुरा आहे. मौनाचा पहिला आणि सर्वांत मोठा आधार म्हणजे घुबडाची मंद गती. जयपूरच्या कोणत्याही चौकात दिसणाऱ्या पारव्याशी गव्हाणी घुबडाची तुलना केली तर हे लगेच ध्यानात येते. दोघांचे वजन जवळपास सारखे, म्हणजे ढोबळमानाने ३०० ते ४०० ग्रॅम असते. पारव्याच्या पसरलेल्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत साधारण ६५ ते ७० सेंटीमीटर भरते, तर घुबडाची ९० सेंटीमीटरच्या आसपास असते. शिवाय घुबडाचे पंख अधिक रुंद असतात. तेवढेच ओझे मोठ्या पंखांवर विभागले गेल्यामुळे घुबडाला हवेत तरंगत राहण्यासाठी वेगाची गरज पडत नाही. पारव्याला मात्र वेग राखावा लागतो आणि उड्डाण घेताना पंखांची जोरदार फडफड करावी लागते.

हळू उडण्याने आवाज किती कमी होतो, याचे गणित विमानांच्या आवाजाचा अभ्यास करणाऱ्यांनी मांडून ठेवले आहे. पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभागाला खेटून जाताना खळबळते, तिच्यात लहान लहान भोवरे तयार होतात. हे भोवरे मोकळ्या हवेत फारसा आवाज करीत नाहीत. पंखाची मागची कड एकाएकी संपते तेथे ते ओलांडून जाताना मात्र मोठा आवाज होतो. या कडेवर निर्माण होणारी ध्वनिशक्ती साधारणपणे वेगाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग निम्मा केला की ध्वनिशक्ती दोनाच्या पाचव्या घाताने, म्हणजे ३२ पटींनी घटते. डेसिबलच्या भाषेत ही घट सुमारे १५ इतकी होते. पिसांत कोणतीही खास रचना नसती तरी केवळ संथ उडण्यामुळे घुबड बहुतेक पक्ष्यांपेक्षा कमी आवाज करणारे ठरले असते.

उरलेला आवाज कमी करण्याचे काम पिसे करतात, आणि त्यात मागच्या झालरीचे काम सर्वांत स्पष्ट आहे. कड जितकी तीक्ष्ण आणि कठीण, तितका भोवऱ्यांचा आवाज मोठा. झालरीमुळे ती कड मऊ, सच्छिद्र आणि हलती होते. घन पंख संपून मोकळी हवा सुरू होते तो बदल एकदम न होता हळूहळू घडतो आणि भोवऱ्यांना आवाज करायला कठीण धार सापडत नाही. जर्मनीतील कॉटबस येथील संशोधकांनी गव्हाणी घुबड, खरूची आणि हॅरिस ससाणा यांना मायक्रोफोनच्या रांगांवरून उडवून मोजमाप केले. तरंगत जाणाऱ्या घुबडाचा आवाज इतर दोघांपेक्षा कमी भरला, आणि हा फरक मुख्यतः सुमारे १,६०० हर्ट्‌झच्या वरच्या, म्हणजे तीक्ष्ण स्वरांत दिसला. खालच्या, जाड स्वरांत फारसे अंतर नव्हते. घुबड पूर्णपणे निःशब्द नसते. त्याच्या आवाजातून तीक्ष्ण भाग गाळला जातो आणि खोल, दबका भाग उरतो.

हे गाळणे नेमके कोठे होते, यातच त्याचा उपयोग दडला आहे. गव्हाणी घुबडाचे कान साधारण २,००० ते ८,००० हर्ट्‌झ या पट्ट्यात सर्वांत तल्लख असतात. पाचोळ्यातून पळणाऱ्या उंदराची खसखस याच पट्ट्यात येते. अमेरिकेतील रॉजर पेन यांनी पूर्ण अंधाऱ्या खोलीत केलेल्या प्रयोगांत घुबडाने केवळ आवाजावरून उंदीर पकडले. पाचोळ्यातून दोरीने ओढलेल्या कागदाच्या बोळ्यावरही त्याने तितक्याच नेमकेपणाने झडप घातली. पंखांचा आवाज याच पट्ट्यात मोठा असता तर तो कानांजवळूनच उठत असल्यामुळे दूरच्या उंदराची खसखस त्यात बुडून गेली असती. दुसरीकडे, उंदराचे कान अतितीक्ष्ण स्वरांसाठी घडलेले असतात. १,००० ते २,००० हर्ट्‌झच्या खाली घरातल्या उंदराला फारच कमी ऐकू येते. घुबडाच्या पंखांचा जो दबका आवाज उरतो, तो नेमका उंदराच्या बहिऱ्या भागात पडतो. भक्ष्याला चाहूल लागू नये म्हणून हे मौन उत्क्रांत झाले, की घुबडाला स्वतःला ऐकू यावे म्हणून, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. दोन्ही फायदे एकाच वेळी मिळत असल्यामुळे त्यांना वेगळे करणे सोपे नाही.

या वादात मासे खाणारी घुबडे साक्षीला येतात. रणथंभोरच्या तलावांकाठी राहणारे मोठे तपकिरी घुबड पाण्यातील मासे आणि खेकडे पकडते. पाण्याखालच्या माशाला हवेतील पंखांची चाहूल लागत नाही आणि घुबडालाही मासा कानाने शोधायचा नसतो. अशा घुबडांच्या पंखांवरील फणी आणि झालर जवळजवळ नाहीशी झाली आहे, आणि त्यांचे उड्डाण इतर घुबडांच्या मानाने बरेच ऐकू येते. महाराष्ट्रात सर्वांच्या ओळखीचा पिंगळा मधल्या पायरीवर बसतो. तो दिवसाउजेडीही वावरतो, कीटक पकडताना डोळ्यांवर भिस्त ठेवतो. अशा दिवसाही फिरणाऱ्या जातींत फणी निशाचर जातींइतकी विकसित नसते. ज्या घुबडाला मौनाची गरज कमी, त्याच्या पिसांनी त्यासाठी फारसा खर्च केलेला नाही.

फणीचे नेमके काम काय, हे मात्र ठामपणे सांगणे कठीण आहे. सरळ तरंगताना तिचा आवाजावर फारसा परिणाम दिसत नाही. भक्ष्यावर उतरताना घुबड पंख मोठ्या कोनात उचलते. त्या वेळी हवा पंखाच्या पृष्ठभागावरून सुटून मोठी खळबळ होण्याचा धोका असतो, आणि तेव्हा फणी येणाऱ्या हवेचे बारीक प्रवाहांत विभाजन करून तो टाळते, असे प्रयोगांतून दिसते. मखमलीबद्दलची समजूतही अलीकडे बदलली आहे. पूर्वी तिचा संबंध केवळ हवेशी जोडला जाई. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी गव्हाणी घुबडाच्या मखमलीवर चक्क केसांना मारायचा स्प्रे फवारला आणि पक्ष्याला उडवले. पंख फडकवतानाचा आवाज वाढला. पंख उघडताना व मिटताना पिसे एकमेकांवर घासतात, आणि मखमल हा घासण्याचा आवाज दाबते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सुक्या पानांऐवजी लोकरीची घडी उलगडावी, तसा हा फरक आहे.

या नाजूकपणाची किंमतही आहे. सैल आणि मऊ पिसे पावसात लवकर भिजतात. भिजलेली झालर एकमेकांना चिकटते, मखमल दबून जाते आणि मौन जाते. पावसाच्या आवाजात उंदरांची चाहूल लागत नाही ते वेगळेच. संततधार पावसात गव्हाणी घुबड उपाशी बसून राहते.

मांज्याचे संकट समजण्यासाठी एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे. धागा बहुधा पंखाच्या पुढच्या कडेला, खांदा आणि मनगट यांच्यामध्ये ताणलेल्या कातडीच्या पडद्यात रुततो. सुटण्यासाठी पक्षी जितका धडपडतो, तितका तो खोल जातो. जखम शिवता येते. पण त्याच झटापटीत बाहेरची उड्डाणपिसे मोडली वा कापली गेली असतील तर प्रश्न वेगळा होतो. पीस पूर्ण वाढल्यावर निर्जीव असते, नखासारखे. ते मधेच तुटले तर जागच्या जागी भरून येत नाही. ते गळून नवे येण्याची वाट पाहावी लागते, आणि गव्हाणी घुबडाची सर्व उड्डाणपिसे बदलून व्हायला एका वर्षाहून अधिक, कित्येकदा दोन-तीन वर्षे लागतात. तोवर तुटक्या कडेवरून जाणारी हवा शीळ घालते किंवा खरखरते. म्हणून घुबडाला सोडण्यापूर्वी मोठ्या बंद पिंजऱ्यात उडवून केवळ पाहायचे नसते, ऐकायचे असते. एका पंखाचा आवाज दुसऱ्यापेक्षा वेगळा येत असेल, वळताना पक्षी एका बाजूला झुकत असेल किंवा उतरताना फडफड ऐकू येत असेल, तर त्याची वेळ अजून आलेली नाही. चिकटपट्टी लावलेले पंख, अरुंद खोका आणि जाळीच्या भिंती यांचाही पिसांच्या कडांवर तसाच घातक परिणाम होतो. उपचारादरम्यान झालर झिजली तर जखम बरी होऊनही फायदा राहत नाही.

जखमी घुबड हाती आले की पाहणाऱ्याला हमखास आणखी एका गोष्टीचा धक्का बसतो. पक्ष्याची पाठ समोर असते आणि चेहराही समोर असतो. मान मोडली, अशी समजूत करून घेऊन ती हाताने ‘सरळ’ करण्याचा प्रयत्नही काही जण करतात. ही चूक प्राणघातक ठरू शकते, कारण ती मान मोडलेली नसून नेहमीसारखेच काम करीत असते.

घुबडाला मान वळवावी लागते, कारण डोळे वळत नाहीत. अंधारात अधिक प्रकाश गोळा करण्यासाठी त्याचे डोळे इतके मोठे झाले आहेत की त्यांचा आकार गोल न राहता नळीसारखा झाला आहे, आणि हाडांच्या कड्याने ते कवटीत घट्ट बसवलेले असतात. माणूस डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहतो. घुबडाला तो मार्ग बंद आहे. कानांचीही तीच गोष्ट आहे. गव्हाणी घुबडाचा एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा वर असतो आणि चेहऱ्याची तबकडी आवाज गोळा करून त्यांच्याकडे वळवते. आवाज नेमका कोठून आला हे एक-दोन अंशांच्या अचूकतेने त्याला कळते, पण ही अचूकता चेहरा त्या दिशेला असतानाच मिळते. म्हणून पाचोळ्यात काही हलले की पहिली हालचाल मानेची होते. अंग आणि पंख न हलवता नेम धरण्याचा हाच एक मार्ग असल्यामुळे मूक पंख आणि वळती मान ही एकाच शिकारीची दोन साधने आहेत.

घुबड मान पूर्ण गोल फिरवते ही दंतकथा आहे. समोरून सुरुवात करून ते कोणत्याही एका बाजूला सुमारे २७० अंश, म्हणजे पाऊण वर्तुळ वळवू शकते. एका टोकाला पोहोचल्यावर ते इतक्या झटक्याने उलट फिरवते की पाहणाऱ्याला फेरा पूर्ण झाल्याचा भास होतो. माणसाची मान एका बाजूला साधारण ८० अंश वळते. माणसाच्या मानेत ७ मणके असतात, घुबडाच्या मानेत १४. मात्र केवळ संख्येने सारे स्पष्ट होत नाही, कारण हंसाच्या मानेत त्याहूनही बरेच अधिक मणके असतात. कवटी आणि पहिला मणका यांचा सांधा माणसात दोन उंचवट्यांवर टेकलेला असतो, त्यामुळे तो मान डोलावण्यापुरताच मोकळा असतो. घुबडात आणि सर्वच पक्ष्यांत तो एकाच गोल उंचवट्यावर बसतो. पिसांखाली झाकलेली घुबडाची मान आखूड दिसत असली तरी प्रत्यक्षात ती लांब आणि इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी दुमडलेली असते. एकूण वळण तिच्या १४ सांध्यांवर वाटले जाते. सगळ्यांना समान वाटा दिला तर प्रत्येकाच्या वाट्याला २० अंशांहूनही कमी येतात. प्रत्यक्षात वाटा समान नसतो, काही सांधे पिळतात तर काही बाजूला वाकतात. पण कोणत्याही एका सांध्यावर जीवघेणा ताण येत नाही.

हाडांचा प्रश्न असा सुटला तरी रक्ताचा उरतोच. माणसाची मान एकदम जोरात वळली तर मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटून पक्षाघात होऊ शकतो. घुबडात हे का घडत नाही, याचा शोध अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकीय चित्रकार फॅबियन दे कॉक-मर्काडो आणि मज्जासंस्थेतील रक्तवाहिन्यांचे तज्ज्ञ फिलिप गेयू यांनी घेतला. नैसर्गिक कारणांनी मेलेल्या सुमारे डझनभर घुबडांच्या धमन्यांत त्यांनी क्ष-किरणांत दिसणारा द्रव सोडला आणि त्यांचे स्कॅन काढले. त्यांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

माणसाच्या मानेच्या मणक्यांतील ज्या छिद्रांतून धमनी जाते, ती छिद्रे धमनीएवढीच जेमतेम रुंद असतात. घुबडात छिद्राची रुंदी धमनीच्या सुमारे दहा पट आढळली. मणके एकमेकांवर फिरले तरी या मोकळ्या जागेत धमनी सैल हलू शकते. ती हाडाच्या कडेवर चेपली जात नाही. शिवाय ही धमनी मणक्यांत शिरते ती इतर पक्ष्यांच्या मानाने वरच्या मणक्यापाशी, त्यामुळे मधे ढिली राहण्यास तिला अधिक लांबी मिळते. दुसरी आश्चर्याची बाब कवटीच्या तळाशी दिसली. इतर प्राण्यांत धमन्या मेंदूकडे जाताना बारीक होत जातात. घुबडात त्या तेथे रुंद होतात, आणि द्रव सोडताना त्या फुगून भरत होत्या. मान पूर्ण वळून रक्तप्रवाह क्षणभर अडला तरी या साठ्यातून मेंदूला व डोळ्यांना रक्त मिळत राहावे, असा त्याचा अर्थ लावला जातो. पुढच्या आणि मागच्या धमन्यांना जोडणारे आडवे मार्गही सापडले. एक वाट दबली तर दुसरी उघडी राहते. हे सारे मृत पक्ष्यांवरचे निरीक्षण आहे, हे विसरून चालणार नाही. पुढच्या धमन्यांना आणखी एक फायदा मिळतो. पक्ष्यांत त्या मानेच्या बाजूंनी न जाता मणक्यांच्या पुढे मध्यरेषेलगत जातात, आणि पिळणाऱ्या वस्तूत अक्षाजवळचा भाग कडेच्या भागापेक्षा कमी ताणला जातो.

मग मानेला खरोखरच इजा झाली आहे हे ओळखायचे कसे? निरोगी घुबड मान कितीही वळवले तरी दोन्ही डोळे साधारण आडव्या रेषेत ठेवते, आणि थोड्या वेळाने ती परत आणून दुसऱ्या बाजूलाही तितकीच वळवते. आवाजाचा अंदाज घेण्यासाठी ते डोके क्षणभर तिरके करते, पण तसेच धरून ठेवत नाही. डोके सतत एका कुशीवर कललेले राहणे, ते फक्त एकाच बाजूला वळणे, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या वेगवेगळ्या आकाराच्या दिसणे किंवा तोल जाऊन पक्षी गोल फिरू लागणे, ही डोक्याला मार लागल्याची लक्षणे आहेत. धाग्यात अडकून गच्चीवर किंवा भिंतीवर आदळलेल्या पक्ष्यांत ती दिसतात. अशा घुबडाला पाणी पाजू नये, मान धरू नये आणि पंखातला धागा ओढून काढू नये. धागा दोन्हीकडून कापून पंखात रुतलेला तुकडा पशुवैद्यासाठी तसाच ठेवावा. कापडाने झाकून हवेशीर, अंधाऱ्या खोक्यात पक्षी वनविभागाच्या किंवा बचाव शिबिराच्या हवाली करावा. घुबडांच्या साऱ्या जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने ती घरी पाळता वा ठेवून घेता येत नाहीत.

बरे झालेले घुबड सोडताना सहसा ते सापडले त्याच परिसराची निवड केली जाते, कारण तेथील कोनाडे आणि शिकारीच्या जागा त्याला ठाऊक असतात. सोडण्याची वेळ सायंकाळची असते. दिवसा सोडले तर कावळे त्याच्या मागे लागतात. जयपूरच्या जुन्या भागात जानेवारीच्या उत्तरार्धात हे करताना आधी आसपासची झाडे आणि तारा पाहून लोंबता धागा काढावा लागतो, आणि नायलॉनचा धागा कुजत नसल्यामुळे पावसाळ्यानंतरही ते काम संपलेले नसते.